दांडका, पान आणि किलवर

गणपतीला आजोळी गेलो की आरत्या, मोदक आणि पत्ते हे तिन्ही ठरलेलं असतं. त्यातही पत्ते म्हणजे तीनशे चार. पुण्या-मुंबईची मंडळी बदाम सात आणि मेंढीकोट खेळतात, खेळू देत बापडी. आमच्या मामाच्या पडवीत मात्र तीनशे चारशिवाय दुसऱ्या खेळाला मान नव्हता. मामा गेल्यानंतरचा यंदाचा पहिलाच गणपती, तरी कॅट निघालाच. मामी म्हणाली, "तो असता तर पहिल्यांदा त्यानंच पिसला असता," आणि पत्ते माझ्याकडे सरकवले.

इंग्रजी माध्यमात शिकणारी माझी भाची पहिल्यांदाच खेळायला बसली होती. तिला नियम सांगताना माझी पुरती भंबेरी उडाली. तिनं विचारलं, किलवरला इंग्रजीत क्लब म्हणतात ना, मग क्लब म्हणजे दांडका आणि पानावर तर तीन पाकळ्यांचं पान आहे, हे कसं? तिच्या पप्पांनी सांगितलं, तसंच असतं ते. दुसरा प्रश्न, गुलाम राजापेक्षा मोठा कसा? तसंच असतं ते. तिसऱ्या वेळी तिनं काही विचारलंच नाही. मला वाईट वाटलं. कारण या दोन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत, आणि ती "तसंच असतं ते" पेक्षा पुष्कळ मजेदार आहेत. ही पोस्ट खरं तर तिच्यासाठी. बाकीच्यांनी वाचली तर आनंदच आहे.

तर आधी दांडका.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. एल. ए. मायर नावाच्या अभ्यासकाच्या तो १९३१ मध्ये नजरेस पडला आणि १९३९ मध्ये त्यानं त्यावर लिहिलं. हा कॅट इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातला. हातानं रंगवलेली, सोन्याचं काम केलेली, वीतभराहूनही लांब अशी ही पानं आहेत. आज त्यातली ४७ शिल्लक आहेत, पण हिशोब मांडला की कळतं की पूर्ण कॅट ५२ पानांचा होता. चार रंग, प्रत्येकात तेरा. म्हणजे आपलाच हिशोब! फक्त रंग वेगळे आहेत: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या.

पोलो हा तिकडच्या सरदारांचा आवडता खेळ, त्यामुळे पत्त्यांत त्याच्या काठ्या येणं साहजिकच. पुढे चौदाव्या शतकात भूमध्य समुद्रावरच्या व्यापाराबरोबर हे पत्ते इटली आणि स्पेनमध्ये उतरले. तिथे पेले लोकांना ठाऊक होते, नाणी तर होतीच होती, तलवारीही होत्या. पण पोलो? तो तिथे कुणी पाहिलाच नव्हता. टोकाशी वाकलेली ही लांब काठी कसली, हे इटलीतल्या चिताऱ्याला कसं कळणार? त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे तिचा सरळ, घोटीव राजदंड केला. स्पेनमधल्यानं तिचं झाडाच्या फांदीचं ओबडधोबड सोटं केलं. आजही इटलीच्या ईशान्येकडचे पत्ते पाहिलेत तर तलवारी बाकदार आहेत, मामलुक तलवारींसारख्याच. स्पेनमध्ये मात्र तलवारी सरळ आणि सोटे गाठीगाठींचे. एकच कॅट दोन बंदरांत उतरला आणि दोन्हीकडच्या माणसांनी त्यात आपापलं घरचं सामान पाहिलं.

दांडका म्हणजे क्लब. ही पहिली अर्धी गोष्ट झाली. तिसरं पान कुठून आलं ते पुढे सांगतो, आधी माणसांकडे वळू.

मामलुक कॅटात माणसांची चित्रंच नाहीत. चित्राच्या पानांवर नुसती नक्षी आणि खाली लिहिलेलं: मलिक, म्हणजे राजा; नायब मलिक, म्हणजे त्याचा हाताखालचा; आणि सानी नायब, म्हणजे दुसरा नायब. हा नायब आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे तहसीलदाराच्या हाताखाली नायब तहसीलदार असतो तोच हा. (आणि नवाब हे त्याचंच मूळ अरबी अनेकवचन.) या नायबावरूनच स्पॅनिशमध्ये पत्त्यांना नाइपे म्हणू लागले, ते आजतागायत. इटलीतही सुरुवातीला नाइबी म्हणत. फ्लॉरेन्स शहरानं १३७७ च्या मार्चमध्ये या खेळावर बंदी घातली त्या हुकूमनाम्यात हाच शब्द आहे. नवीन खेळ गावात आल्याची पहिली नोंद बंदीच्या कागदावर सापडावी, यात नवल वाटण्यासारखं काही नाही म्हणा.

त्याच १३७७ साली जर्मन मुलखातल्या योहानेस नावाच्या एका डॉमिनिकन साधूनं पत्त्यांवर सबंध ग्रंथच लिहिला. त्याला खेळापेक्षा त्यातून काढता येणाऱ्या नीतिबोधात रस होता, पण जाता जाता त्यानं पानांचं नेमकं वर्णन करून ठेवलंय. चार राजे, सिंहासनावर बसलेले, प्रत्येकाच्या हातात आपल्या रंगाची खूण. राजाच्या हाताखाली दोन सरदार. एकानं ती खूण वर धरलेली, दुसऱ्यानं खाली. त्यानंतर एक ते दहा. म्हणजे तेरा, चोक बावन्न.

इथे थोडं थांबूया. राणी कुठे आहे? नाहीच. राजा, नायब आणि दुसरा नायब या मांडणीत तिला जागाच नव्हती. जर्मनीच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत ती अजूनही नाही. तिथे राजाखाली ओबर आणि उंटर, म्हणजे शब्दशः वरचा आणि खालचा. हा वरचा-खालचा त्या माणसाचा हुद्दा तर आहेच, पण पानावरची खूणही वरच्याच्या डोक्याशी आणि खालच्याच्या पायाशी असते. योहानेसनं साडेसहाशे वर्षांपूर्वी लिहिलं तसंच. स्पेनमध्ये राजा, घोडेस्वार आणि हुजऱ्या. तिथेही राणी नाही. माझा एक मित्र बव्हेरियात नोकरीला आहे. तिथल्या ऑफिसातल्या लोकांबरोबर पहिल्यांदा पत्ते खेळायला बसला तेव्हा राणी शोधून शोधून दमला आणि शेवटी त्यानं कॅट अर्धवट असल्याची तक्रार केली म्हणे!

राणी आणली प्रामुख्यानं फ्रेंचांनी. म्हणजे तिकडे इटलीत आणि खुद्द जर्मनीतही राण्या असलेले काही कॅट निघाले होते, योहानेसलाही ते माहीत होते. पण घोडेस्वाराला घरी बसवून राजा, राणी आणि चाकर हे त्रिकूट पक्कं केलं ते फ्रान्सनं. आपल्याकडे ते इंग्रजांबरोबर आलं. म्हणून आपल्या कॅटात राणी आहे, आणि बव्हेरियात नाही.

आता ते तीन पाकळ्यांचं पान.

जर्मनांनी पेले, नाणी, काठ्या सोडून देऊन आपल्या रानातल्या आणि गावातल्या खुणा घेतल्या: ओकची फळं, पानं, हृदय आणि घुंगरं. शेजारच्या स्विस लोकांनी पानं आणि हृदयाऐवजी ढाली आणि गुलाब घेतले. हे सगळं पंधराव्या शतकात चाललं होतं. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, १४८० च्या आसपास, फ्रेंच कारागिरांनी आपले चार रंग ठरवले: हृदय, फरशी, भाल्याचं टोक आणि तिपानी गवत.

यांची गंमत दिसण्यात कमी आणि धंद्यात जास्त आहे. जर्मन पानावर प्रत्येक ओकफळ, प्रत्येक घुंगरू बारकाईनं काढलेलं, त्यात तीन-चार रंग. स्पॅनिश तलवारी एकमेकींत गुंतलेल्या. असं प्रत्येक पान लाकडाच्या ठशात कोरायचं आणि मग रंगवायचं. फ्रेंचांनी काय केलं, तर खुणाच अशा घेतल्या की आतलं काही काढावंच लागू नये. नुसती सपाट आकृती, दोन तांबड्या, दोन काळ्या. रांगोळीचा छाप असतो ना आपल्याकडे, भोकांतून रांगोळी पाडायचा, अगदी तसा एक कापलेला छाप पानावर ठेवायचा आणि ब्रश फिरवायचा. झाला सत्तीचा पत्ता. कोरीव ठसे लागले ते फक्त चित्राच्या बारा पानांना. चाळीस पानं नुसत्या छापावर निघाली. स्वस्त, भराभर आणि लांबूनही ओळखू येणारी. पुढे जगभर जे पत्ते पसरले ते हेच. मला स्वतःला जर्मन घुंगरं जास्त आवडतात, पण जिंकली फरशी.

हे फ्रेंच पत्ते रूआँ नावाच्या शहरातून इंग्लंडला जात. त्याआधी इंग्रजांना स्पेन-इटलीच्या बाजूचे तलवारी आणि सोटेवाले पत्ते माहीत होते. नवीन कॅट हातात पडला तेव्हा त्यांनी चित्रं नवी घेतली, पण दोन नावं जुनीच ठेवली. भाल्याच्या टोकाला तलवारीचं नाव राहिलं. स्पेड म्हणजे फावडं नव्हे, स्पॅनिश एस्पादा, तलवार. आणि तिपानी गवताला सोट्याचं नाव राहिलं, क्लब. उरलेल्या दोघांना मात्र डोळ्यांना दिसलं ते नाव दिलं.

म्हणजे आमच्या भाचीचं बरोबर होतं. ते पान आहे आणि त्याला दांडका म्हणतात. तो दांडका मुळात कैरोच्या मैदानावरची पोलोची काठी होता, आणि पान फ्रान्सच्या कुरणातलं आहे. इंग्रजीत दोन्ही एकाच पानावर येऊन बसलेत इतकंच.

यातून मला आपल्या मराठी नावांची गंमत कळली. बदाम आणि चौकट ही आपण डोळ्यांनी ठेवलेली नावं. हृदयाची आकृती आपल्याला बदामासारखी दिसली, फरशी चौकटीसारखी. हिंदीवाल्यांना तीच पान आणि ईंट दिसली. पण इस्पिक आणि किलवर? ही मराठी डोळ्यांची नावं नव्हेत, ही कानांची. कुठल्या तरी परक्या माणसाबरोबर खेळताना ऐकली आणि उचलली. म्हणजे इंग्रजांनी ज्या दोन रंगांची नावं दुसरीकडून आणली, नेमक्या त्याच दोन रंगांची आपणही आणली. आणि किलवरला डच भाषेत काय म्हणतात माहित्येय? क्लाव्हर. सिंहलीत कलाबर म्हणतात.

डच म्हटल्यावर भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे यायला हवं: गुलाम राजाच्या वर कसा?

तीनशे चार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सत्तीपासून एक्क्यापर्यंतची ३२ पानं घ्यायची. गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दस्सीचे १०, राजाचे ३ आणि राणीचे २. बेरीज ७६, चार रंगांची ३०४. म्हणून नाव तीनशे चार. आता नेदरलँड्सचा घरोघरी खेळला जाणारा खेळ बघा, त्याचं नावच क्लाव्हरयास. त्यातही ३२ पानं. त्यात हुकमाच्या गुलामाचे २०, नव्वीचे १४, एक्क्याचे ११, दस्सीचे १०, राजाचे ४, राणीचे ३. क्रम तोच! फरक इतकाच की तिथे गुलाम आणि नव्वी फक्त हुकमाच्या रंगात उड्या मारतात, आपल्याकडे चारही रंगांत. पत्त्यांचे अभ्यासक या दोन्ही खेळांना एकाच घराण्यातले मानतात, आणि आपल्याकडे ते डचांबरोबर आलं असावं असं म्हणतात. कोचीन १७९५ पर्यंत आणि श्रीलंका १७९६ पर्यंत त्यांच्याकडे होती, आणि श्रीलंकेत आजही तीनशे चार दणक्यात खेळतात.

आता वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिच्या पडक्या भिंती आम्ही लहानपणी पाहिल्यात. "म्हणजे आपल्याकडे तिथूनच आला!" असं मामेभावानं लगेच जाहीर करून टाकलं. पण ती वखार बंद पडली तेव्हा हे खेळ जन्मल्याचाही पुरावा सापडत नाही. त्यामुळे अभिमान जरा कोचीनपर्यंत लांबवावा लागेल. असो.

गुलामाचं राजावर चढणं हे चित्रामुळे नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. चित्र तेच, फक्त त्या खेळात एका रंगाला हुकूम करून त्यातल्या लहान पानाला मोठं करायची युक्ती निघाली. पानं आणि खेळ हे दोन वेगळे प्रवासी आहेत. कधी एका बोटीतून आले, कधी दोन.

चित्रं मात्र नकला करता करता बिघडली. आपल्या कॅटातला बदामाचा राजा नीट पाहा. त्यानं तलवार स्वतःच्याच डोक्यात खुपसलेली दिसते. त्यावरून आत्महत्या करणारा राजा वगैरे कथा ऐकायला मिळतात. रूआँच्या जुन्या पानावर त्याच्या हातात कुऱ्हाड होती, खांद्यावर उगारलेली. ठसा कोरणाऱ्या एकानं दुसऱ्याची नक्कल केली, दुसऱ्याची तिसऱ्यानं, आणि कुऱ्हाडीचं पातं पानाच्या कडेला जात जात नाहीसं झालं. नुसता दांडा उरला. मग कुणीतरी त्याची तलवार केली. यात कुणाचा काही हेतू नव्हता. गिऱ्हाईकाला ओळखीचं चित्र हवं, सुधारलेलं नको, म्हणून चूकही ओळखीची झाली आणि टिकली.

त्यात सरकारचाही हात आहे. पत्त्यांवर कर बसवायचा तर कुठला कॅट कुठे छापला हे कळायला हवं. फ्रान्सनं १७०१ मध्ये प्रांताप्रांताचे राजा-राणीचे चेहरे ठरवून दिले, म्हणजे पॅरिसचा राजा वेगळा, लिआँचा वेगळा. एकदा कायद्यानं ठरल्यावर कोण बदलतो? इंग्लंडमध्ये कर भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर असे, म्हणून आजही तो एकटाच इतका नटलेला असतो. तो एक्का खोटा छापला म्हणून रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला १८०५ मध्ये फाशी झाली. पत्त्यांनी घरं बुडतात असं आजी म्हणायची, पण एका एक्क्यापायी फासावर जाणं म्हणजे फारच झालं.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला सांगत होतो, तेवढ्यात मामेभाऊ माळ्यावरून एक लाकडी पेटी घेऊन खाली उतरला. घराच्या वाटण्या व्हायच्या आहेत, म्हणून माळा आवरणं चाललंय. पेटीत गोल पानं. गंजिफा.

आमच्यापैकी बहुतेकांनी ती कधी पाहिली नव्हती. मामेभाऊ म्हणाला, छान आहेत, दहा-बारा निवडून फ्रेम करून घेऊ, प्रत्येकाला एकेक. वाईट कल्पना नव्हती, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, थांब, आधी मोजू तरी.

सावंतवाडी आमच्या आजोळापासून तासाभरावर. तिथले चितारी ही पानं करायचे. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, दगडानं घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि लाखेचा हात द्यायचा. मध्यंतरी ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारखाना काढून ती पुन्हा उभी केली.

गंजिफा आपल्याकडे मोगलांबरोबर आला. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचं बाबरनाम्यात आहे. मोगली गंजिफा आठ रंगांचा, प्रत्येकी बारा, म्हणजे ९६ पानं. त्यात ताज, तलवार, नाणी, गुलाम असे रंग. होय, तिथे गुलाम हा सबंध एक रंग आहे. चित्राची पानं दोनच, राजा आणि वजीर. आपल्याकडे लोकांनी तो खेळ ठेवला आणि रंगांच्या जागी दशावतार बसवले. दहा अवतार, प्रत्येकी बारा, १२० पानं. त्यातही गावोगाव फरक. रामासाठी कुठे बाण, कुठे माकड. ओडिशा आणि विष्णुपूरच्या बाजूला नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथच. इटलीतल्या चिताऱ्यानं पोलोच्या काठीचं जे केलं तेच हे.

म्हणून मोजणं महत्त्वाचं. ९६ च्या आसपास निघाली तर मोगली, त्याहून जास्त तर दशावतारी. मासे आणि कासवं दिसल्यावर तो प्रश्न मिटलाच, पण कॅट पुरा आहे का हे बघायचं होतं. पडवीत चटई टाकून दहा ढीग लावले. प्रत्येक रंगाची जमीन वेगळ्या रंगाची असते, त्यामुळे लाख उडून खुणा पुसट झालेली पानंही कुठल्या ढिगात जातात ते कळत होतं. तांबड्या जमिनीचं एक पान पार काळवंडलं होतं, पण वाकडं धरल्यावर नऊ परशू मोजता आले. भाचीनं मोजले, माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. सात ढीग बाराचे भरले. कासवाची सत्ती नाही, वामनाची तिर्री नाही आणि परशुरामाचा घोड्यावरचा प्रधान नाही. ११७.

एवढ्यात आतून मामी आली. ऐंशी उलटलेली, गुडघे धरून चालणारी. ढीग बघून उभीच राहिली. म्हणाली, "ही माझ्या सासऱ्यांची. आधी रामाचो राजा खंय आसा तो बघ." मी विचारलं, रामाचाच का? तर म्हणाली, दिवसा खेळायचं तर रामापासून सुरू, रात्री कृष्णापासून. लग्न होऊन आली तेव्हा सासरे, दीर आणि शेजारचे भटजी असे तिघं खेळायचे. ती फक्त चहा द्यायला जायची, पण उभी राहून बघायची.

हुकूम नसतो, तिनं सांगितलं. तिघंच खेळतात. आणि मग जे म्हणाली त्यानं मी उडालो. "अर्ध्या रंगांत दस्सी मोठी, अर्ध्यांत एक्का मोठा. ते विसरलं की भटजी ओरडायचे."

हे का उडण्यासारखं, तर जुन्या युरोपीय खेळांतही नेमकं हेच आहे. टॅरोच्या जुन्या खेळांत, स्पॅनिश ओम्ब्रेत, तलवारी आणि काठ्यांमध्ये दस्सीकडचं पान मोठं, पण पेले आणि नाण्यांमध्ये उलटं, एक्क्याकडचं मोठं. जुन्या चिनी पत्त्यांतही नाण्यांचा रंग उलटा चालतो. चित्रं सगळीकडे बदलली, कुठे काठीचं पान झालं, कुठे नाण्याचा मासा, पण हा अर्धा सुलटा अर्धा उलटा मोजण्याचा विचित्र नियम तीन टोकांना सापडतो. असा विक्षिप्त नियम तीन ठिकाणी आपापला सुचेल हे अवघड आहे. मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं पत्त्यांच्या खेळांवर १९८० मध्ये भलंमोठं पुस्तक लिहिलं. अशा नियमांवरूनच खेळांची नाती शोधायची ही त्याची रीत. चित्र फसवतं, नियम कमी फसवतो.

आणि तो नियम आमच्या घरात एका बाईच्या डोक्यात पन्नास-साठ वर्षं पडून होता. कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मी मामेभावाकडे बघितलं. तो फ्रेमबद्दल काही बोलला नाही. फ्रेम करायला माझा विरोध असा नाही. पण बारा पानं भिंतीवर गेली की उरलेली १०५ कशाची आहेत हे पुढच्या कुणालाच सांगता येणार नाही. मी एका कागदावर दहा रंग, जमिनीचे दहा रंग आणि गहाळ तीन पानं लिहून तो कागद पेटीत ठेवला. पेटीचं काय होणार ते वाटणीत ठरेल. वाटणीची बोलणी दिवाळीत आहेत.

"पानं तीन कमी आहेत, खेळता येईल?" भाचीनं विचारलं. मामीनं बोटांवर काहीतरी मोजलं. एकशेसतरा भागिले तीन, एकोणचाळीस. बरोबर वाटली जातात. कुठल्या पाच रंगांत एक्का मोठा हे मात्र तिला काही केल्या आठवेना. मासा-कासवाकडचे की परशुरामाकडचे? शेवटी म्हणाली, हातात घेतल्यावर आठवेल कदाचित.

दुपारचे चार वाजले होते. मी, भाची आणि मामी चटईवर बसलो. गोल पानं पिसता येत नाहीत, हे तेव्हा कळलं. ती चटईवर पसरून हातानं कालवावी लागतात. एकेकाला एकोणचाळीस पानं हातात मावेनात. रामाचा राजा भाचीकडे आला होता. मामी म्हणाली, "उतर गो."